दंडघेर आणि वजन

मी तालुक्याच्या एका कार्यालयात कंत्राटी संगणक चालक होतो. अंगणवाड्यांमधून दर महिन्याला मुलांचं वजन आणि दंडघेर, म्हणजे दंडाचा घेर, यायचा. ती मापं आम्ही महिन्याच्या सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे साध्या रकान्यांच्या तक्त्यात, साठवायचो. दोन वर्षांच्या चोवीस फाइली जमल्यावर साहेबांना एकच तक्ता हवा झाला. बाकीचे लोक फाइल उघडून खालीखाली चिकटवत बसायचे. मी मोबाइलवर व्हिडिओ पाहून पांडाज, म्हणजे तक्ते आपोआप जोडणारं प्रोग्रॅमिंगचं साधन, शिकलो होतो, त्यामुळे माझं नाक वर.

साहेबांची एक खोड होती. आढावा बैठकीच्या आदल्या दिवशी फाइलचे रकाने हलवायला लावायचे. वरचे अधिकारी वजनाबद्दल विचारणार असतील तर वजन आधी, दंडाबद्दल विचारणार असतील तर दंडघेर आधी. छापलं की तीच फाइल सेव्ह. मूळ प्रत ठेवायची अक्कल कोणालाच नव्हती. दर वेळी रकान्याबरोबर त्याचं शीर्षक मात्र हललेलं असायचं, एवढं नशीब.

आणि तेच नशीब मी माझ्या हातानं घालवलं. शीर्षकं मला गबाळी वाटत होती. म्हणून प्रत्येक फाइल वाचतानाच जुनी शीर्षकं टाकून माझी नावं ठोकली: गाव, बालक क्रमांक, वजन, दंडघेर. सगळ्या फाइलींना एकच यादी, एकाच क्रमानं. मग कॉन्कॅट करून चोवीस तक्ते एकाखाली एक जोडले. संगणकानं एकही चूक दाखवली नाही. मी साहेबांना म्हणालो, आता डोळे मिटून वापरा. त्यांनी तेच केलं.

दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की मूल तीव्र कुपोषित. माझ्या सुंदर तक्त्यात काही महिन्यांत गावंच्या गावं कुपोषित निघाली. साहेबांनी लगेच निष्कर्ष काढला की अंगणवाडी सेविकांनी ही मुलं कुपोषित म्हणून कळवलीच नाहीत, लपवली, आणि नोटिसा काढल्या. सात दिवसांत खुलासा द्या, नाहीतर काम जाईल. इतक्या बायका एकदम, त्याच महिन्यांत खोटं बोलतील कशा, हा प्रश्न कार्यालयात कोणाला पडला नाही. मलाही नाही. बायका खोटारड्या आहेत हे मानायला सोपं होतं.

धनजकडची एक सेविका नोटीस आणि रजिस्टर घेऊन जीपनं आली. थेट माझ्या टेबलाशी.

"भाऊ, माह्या गावातले पोरं तुमच्या तक्त्यात काढा."

"ताई, हे कॉम्प्युटरनं काढलंय. त्यात चूक नसते."

"मंग दाखवाले कायले भेता?"

मी चिडून काढलं. तिनं रजिस्टरवर बोट ठेवलं, मग पडद्यावर. रजिस्टरमध्ये वजन दहा पूर्णांक चार, दंड तेरा पूर्णांक एक. पडद्यावर वजन तेरा पूर्णांक एक, दंड दहा पूर्णांक चार. खालच्या पोराचंही तसंच.

"तुमी त किलोले टेपनं मोजून राह्यले," ती म्हणाली.

 मी त्या महिन्याची फाइल उघडली. दंडघेर आधी, वजन नंतर. शीर्षक बरोबर होतं, ते मीच पुसलं होतं. दोन्ही आकडे दहा-तेराच्या आसपासचे, म्हणून अदलाबदल कोणाच्या डोळ्यात खुपलीच नाही. मी नावांची यादी काढून टाकली, प्रत्येक फाइल तिच्या स्वतःच्या शीर्षकांसह वाचली आणि पुन्हा जोडली. शीर्षक असलं की पांडाज रकाने नावानं जुळवतं, क्रम कसाही असो. दोन मिनिटांचं काम. दोन मिनिटांसाठी मी बारा-पंधरा बायकांची कामं पणाला लावली होती.

कुपोषितांची लांबलचक यादी वितळून गेली. साहेबांनी "तांत्रिक त्रुटी" असं लिहून नोटिसा मागे घेतल्या. ती त्रुटी, म्हणजे मी, त्यांच्यासमोर उभी होती, पण तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. ताईंची माफीही कोणी मागितली नाही.

पण नव्या यादीत ताईंच्या गावची एक मुलगी नव्यानं आली. दंड अकरा पूर्णांक दोन, वजन बारा पूर्णांक तीन. जुन्या तक्त्यात तिचं वजन दंडाच्या रकान्यात बसलं होतं, म्हणून ती तीव्र कुपोषितांत आलीच नव्हती. माप चार महिन्यांपूर्वीचं होतं. मी घाईघाईनं ताईंना सांगितलं, हिला आजच दवाखान्यात न्या.

तिनं रजिस्टर बंद केलं.

"तिले मी त्याच आठवड्यात भरती केली होती, भाऊ. आता खेळून राह्यली ते. तुमच्या यादीची वाट पाह्यली असती, तं आज तुमाले रकाना भराले पोरगीच नसती."