प्रफुल्लच्या फोटोतली खिडकी

माझी मालकीण लंकाबाई. मखमलाबादची. शेवंती आणि झेंडूचा मळा, साठी उलटलेली, आणि डावा गुडघा कधीचाच रुसलेला. डॉक्टर म्हणाले, काठी घ्या. लंकाबाई म्हणाली, बघते. आणि बाजारातून आणली मला, लांब दांड्याची काळी छत्री.

काठी धरली की माणूस म्हातारं होतं, छत्री धरली की नुसतं शहाणं दिसतं, असा तिचा हिशेब. चांभाराकडून तिने माझ्या टोकाला टायरच्या रबराची टोपी बसवून घेतली, फरशीवर घसरू नये म्हणून. "टोक झिजतंय," एवढंच त्याला सांगितलं. ढग असो नसो, मी हातात. उन्हात उघडायची म्हटलं तर पंचाईत, कारण मी डोक्यावर गेले की खाली आधाराला कुणी उरत नसे. त्यामुळे भर दुपारीही छत्री मिटलेली आणि बाई घामाघूम, हा देखावा सगळ्या आळीने पाहिलेला. कुणी हसलं की ती म्हणायची, "कापड विटतंय." मला राग यायचा. छत्रीचा जन्म घेऊन ऊन-पाऊस डोक्यावर घ्यायचा सोडून मी रस्ता टेकत होते. पण तिचं वजन हाताच्या मुठीतून माझ्या दांड्यात उतरायचं ना, तेव्हा राग टिकत नसे.

नवरात्रात तिची लेक छाया बाळंत झाली, वणीला. मुलगी झाली. लंकाबाईने डिंकाचे लाडू बांधले, पिशवी भरली आणि दिंडोरी रोडवरच्या थांब्यावर येऊन उभी राहिली. मुलगा कुंदन कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला. देवीच्या गडावर जाणाऱ्यांची ही गर्दी. कळवणची गाडी आली, तीच वणीवरून जाते, आणि सगळा थांबा दाराकडे धावला.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. दारातून चढण्याआधी खिडकीतून जागा धरायची. कुणी रुमाल टाकतो, कुणी टोपी. ज्याची वस्तू सीटवर, त्याची सीट, आणि हा कायदा भांडखोर माणूससुद्धा पाळतो. लंकाबाईला उभं राहून वणी गाठणं शक्य नव्हतं. तिने मला उचललं आणि खिडकीच्या गजांमधून आत सारलं.

जागा मिळाली. पण पायरी उंच, आणि आधार तर सीटवर. हातात नुसती पिशवी उरली, आणि ती खिडकीकडेच बघत राहिली, जागची हललीच नाही. मी आतून बघत होते. गाडी सुटली.

खिडकीशी सहादू नावाचे देवळ्याकडचे कांदावाले शेतकरी बसले होते. त्यांनीच मला आत ओढून घेतलं होतं. शेजारी मला आडवी ठेवून ते प्रत्येकाला सांगत राहिले, "बाई येऊ राहिल्या मागून." कंडक्टर म्हणाला, "छत्रीचं तिकीट काढू का?" लोक हसले, पण दिंडोरीपर्यंत त्या सीटवर मी एकटी बसले होते. पुढे त्यांनी मला कंडक्टरच्या हवाली केलं. परक्या वस्तूची इतकी काळजी घेणाऱ्या त्या माणसाचं मला अजून कौतुक वाटतं. गाडी मुक्कामाला पोचली तशी कंडक्टरने माझ्या मुठीला तारीख आणि गाडीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी बांधली आणि कळवणच्या आगारात जमा केलं. तिथल्या कपाटात मी, दोन डबे आणि एक एकटी चप्पल.

इकडे काय झालं ते मला नंतर ऐकून कळलं. लंकाबाई रिक्षाने घरी आली, "गाडी चुकली, छत्री हरवली," एवढंच म्हणाली आणि बसूनच राहिली. तिला भिंत धरून चालताना पाहून कुंदनने चार पायांची चकचकीत काठी आणली. तिने ती दाराआड उभी केली. तो म्हणाला, "आई, आता एकटीनं जायचं बंद. येत्या रविवारी मीच तुला वणीला नेतो." रविवार आला आणि ओव्हरटाइम लागला. पुढचाही तसाच. छाया फोनवर विचारायची, "कधी येतेस?" आणि लंकाबाई फोन सुनेच्या हातात द्यायची. नात वाढत होती आणि आजीने तिला हातात घेतलं नव्हतं. ही बाई आता उंबऱ्याच्या आतलीच होणार, असं सगळ्यांनी मनात धरलं होतं. तिनेही.

थांब्यासमोर प्रफुल्लचा फोटो स्टुडिओ आहे. त्या दिवशी गर्दी बघून तो जिन्यावर चढला होता आणि वरून फोटो काढला होता. आवडला म्हणून मोठा करून काचेत लावला. कुंदन पासपोर्ट फोटो काढायला गेला आणि काचेपुढेच थांबला. सकाळचा उजेड कमी, म्हणून प्रफुल्लने कॅमेऱ्याचा पडदा जरा जास्त वेळ उघडा ठेवलेला. जे हलत होते ते सगळे पुसट आले होते. गाडी स्पष्ट, कारण ती उभी होती. आणि त्या गर्दीत एकच बाई स्पष्ट होती, पिशवी धरलेली. त्याची आई.

प्रफुल्लने संगणकावर फोटो मोठा केला. पुढच्या काचेतली पाटी, कळवण. खाली गाडीचा नंबर. आणि खिडकीत अर्धी आत, अर्धी बाहेर, मी. कुंदनने नंबर आणि तारीख स्टँडवरच्या नियंत्रकाला दिली, त्यांनी आगाराला फोन लावला. तिकडून खूण विचारली. कुंदनला माझी खूण ठाऊक नव्हती. त्याने घरी फोन केला आणि लंकाबाईला पहिल्यांदाच मोठ्याने सांगावं लागलं, "टोकाला रबर हाय. टेकायला लावलंय."

दुसऱ्या दिवशी नाशिकच्या गाडीने मी परत आले. कुंदनने मला तिच्या हातात दिलं. मग सोबत आणलेला फोटो तिच्यापुढे धरला.

तिने मला मांडीवर घेतलं आणि फोटो न्याहाळला. मग तिचं बोट दारापाशी थांबलं. दारातून हिरव्या बांगड्यांचा एक हात बाहेर आला होता. बाकी दार पुसट, हा हात मात्र ठसठशीत, म्हणजे तो कुणीतरी बराच वेळ तसाच धरून ठेवला होता. लंकाबाईच्याच दिशेने.

"मला दिसलाच नाय," ती म्हणाली. "मी नुसती खिडकीकडं बघत व्हते."

"तिथं कुणाला तरी सांगायचंस, गुडघा दुखतो म्हणून," कुंदन म्हणाला.

"तुला तरी कुठं सांगितलं?" ती म्हणाली आणि रडली.

सोमवारी ती पुन्हा थांब्यावर उभी राहिली. कुंदन सुट्टी टाकतो म्हणत होता, तिने ऐकलं नाही. गाडी आली, लोक धावले, खिडक्यांतून रुमाल पडले. लंकाबाईने मला घट्ट टेकवलं, मोकळा हात वर केला आणि मी कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाली, "बाई, गुडघा साथ देत नाय. हात द्या मला."

एका मुलीने कोपर धरलं, एका बाईने दंड, खालून कुणीतरी पिशवी उचलली. चढल्यावर रुमाल टाकलेल्या माणसाने आपला रुमाल उचलून खिशात घातला आणि जागा दिली. मला आठवतंय तेव्हापासून तिचा भार मी एकटीच पेलत होते. त्या पायरीवर तो माझ्यावर जेमतेम आला. मला वाईट वाटायला हवं होतं बहुतेक, पण मी सुखावले.

वणीला छाया तान्हीला घेऊन दारात आली. आईच्या मागे कुंदन दिसेना, तसं तिने विचारलं, "एकटीच आलीस एवढ्या गर्दीतून?"

लंकाबाईने मला भिंतीला लावलं आणि दोन्ही हात नातीपुढे केले.

"नाय गं," ती म्हणाली. "लय जणांबरोबर आले."