पुसलेल्याचा पुरावा

शेजारणीच्या धाकटीने फोटो रिटचरच्या जागेसाठी झोकात अर्ज लिहिला : ‘नवखी असले तरी नको ती वस्तू फोटोतून अशी काढते की मागमूस उरत नाही.’ सोबत तीन नमुने.

स्टुडिओवाले काका म्हणाले, “नुसती भिंत, रिकामा बाक! यातून काढलंस काय?”

“वायर काढली. आणि बाकावर पसरलेले आतोबा.”

“मूळ फोटो दाखव.”

बाईसाहेबांनी मूळ फाइलवरच काम करून तिथेच सेव्ह केलं होतं. मूळ फोटो उरलेच नव्हते. नोकरी गेली, असंच तिने धरलं.

काकांनी तिसरा नमुना मोठा केला. भिंतीवर एकच तडा तीनदा उमटलेला, शेजारचा तुकडा उचलून चिकटवल्याची खूण.

“हा घोळ मात्र तुझाच! म्हणजे पुसलंयस खरं. सोमवारपासून शिकायला ये. मूळ फोटोला हात लावलास तर याद राख.”