पाणी दिसेनासं झालं तर

आमच्या अप्पांना बॉयलरबद्दलचं सगळं येत होतं, फक्त एका प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं, आणि परीक्षक नेमका तोच प्रश्न विचारायचे.

अप्पा होसकोट्याच्या एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात बॉयलर सांभाळत. अठरा वर्षं त्यांनी त्या लोखंडी प्राण्याला भुसा चारला, पाणी पाजलं, आणि त्याचं एकदाही पोट बिघडू दिलं नाही. पण त्यांच्याजवळ सर्टिफिकेट होतं दुसऱ्या वर्गाचं. कारखान्यात आता दुप्पट मोठा बॉयलर येणार होता, आणि तेवढ्या मोठ्या बॉयलरचा ताबा कायद्यानं पहिल्या वर्गाच्या माणसाकडेच हवा. अप्पा पास झाले नाहीत तर बाहेरून कोणी तरी नवा येणार, आणि अप्पा त्याच्या हाताखाली भुसा ओढणार. त्यांनी हे आम्हाला एकदाच सांगितलं, जेवताना, आणि पुढची पोळी घेतली नाही.

आदल्या वर्षी ते तोंडी परीक्षेत नापास झाले होते. प्रश्न होता, "गेज ग्लासमध्ये पाणी दिसेनासं झालं तर काय कराल?" बॉयलरच्या तोंडाशी एक काचेची नळी असते, आत पाणी किती आहे ते तीत दिसतं. ती रिकामी दिसली की समजायचं, आतले लोखंडी पत्रे उघडे पडून तापताहेत. अप्पांनी छाती काढून उत्तर दिलं होतं, "साहेब, तशी वेळ मी येऊच देत नाही."

"पण आलीच तर?"

"येणार नाही."

परीक्षक म्हणाले, "मग पुढल्या वर्षी तुम्हीच या!"

मी त्या वर्षी इंग्रजी शॉर्टहँडच्या सीनियर परीक्षेला बसणार होते. वय एकोणीस, आणि अक्कल (माझ्या मते) चाळीसची. कृष्णराजपुरमच्या आमच्या घरात टेबल एकच, तेही स्वयंपाकघरातलं. तेव्हा करार झाला. अप्पांनी मला डिक्टेशन द्यायचं, मी त्यांना प्रश्न विचारायचे.

अप्पांचं शिक्षण कन्नडमधून मॅट्रिकपर्यंत. पहिल्या दिवशी त्यांनी "डिअर सर" वाचलं आणि पाणी प्यायला उठले! मला हवे होते मिनिटाला ऐंशी शब्द, ते वाचत होते तीस. मी मनात म्हटलं, झालं आपलं कल्याण. आमच्या पुस्तकात दर वीस शब्दांनंतर एक तिरकी रेघ असते. घड्याळाचा सेकंदकाटा पंधरा सेकंद पुढं गेला की वाचणाऱ्यानं बरोबर त्या रेघेवर असायचं, ना आधी ना नंतर. आमच्या इन्स्टिट्यूटचे सरसुद्धा शेवटी शेवटी धावायचे. अप्पांना ही रेघ मात्र फार आवडली. "हे आमच्यासारखंच हो," ते म्हणाले, "भुसा एकदम ओतायचा नाही. थोडा थोडा, सारखा." महिन्याभरात हा माणूस डोळा घड्याळावर न ठेवता रेघेवर पोचू लागला. अर्थ कळत नव्हता, उच्चार होसकोट्याचे होते, पण विसावा शब्द आणि पंधरावा सेकंद एकाच वेळी! मी पेन्सिल थांबवून त्यांच्याकडे बघत राहायची आणि मग दोन ओळी चुकायच्या.

माझी पाळी आली की मी मास्तरीण व्हायची. गेज ग्लास तपासायची कशी, हे तर त्यांनी टेबलावरच मांडलं. तीन पेले म्हणजे तीन तोट्या, मध्ये काच म्हणून आईचं लाटणं. "हा वरचा कॉक वाफेचा, हा खालचा पाण्याचा, आणि हा तळाचा, निचऱ्याचा. पाण्याचा बंद कर, निचरा उघड. जोरात वाफ आली? सरी, ठीक. आता वाफेचा बंद, पाण्याचा उघड. पाणी आलं? सरी. दोन्ही वाटा मोकळ्या. यातली एक जरी तुंबली तर काच खोटं बोलते. दर पाळीला विचारायचं तिला, खरं बोलतेस ना म्हणून." मी आ वासून ऐकत होते.

मग मी तो प्रश्न विचारायची. आणि अप्पा मान ताठ करून म्हणायचे, "तशी वेळ मी येऊच देत नाही."

"अप्पा! परीक्षेत असं चालत नाही."

"मग काय खोटं सांगू?"

मी पुस्तकातलं उत्तर त्यांना पाठ करायला दिलं. ते दोन ओळी म्हणत आणि तिसऱ्या ओळीला त्यांचा चेहरा असा होई, जणू मी त्यांच्याकडून चोरीचा कबुलीजबाब लिहून घेते आहे.

परीक्षा आठ दिवसांवर आल्या. रविवारची सकाळ. आई महादेवपुऱ्याला मावशीकडे गेली होती आणि जाताना मला बजावून गेली, "बटाटे कुकरला लाव. नवी रिंग आणलीय, ती घाल, जुनी सैल झालीय. तीन शिट्ट्या, मग बंद." नवी रिंग कडक होती. झाकण बसेना. मला डिक्टेशनची घाई. मी जुनीच घातली. (एवढ्याशा गोष्टीनं काय होतंय!)

काय होतं ते सांगते. सैल रिंगेतून वाफ कडेनं निसटत राहते, वरचं वजन उचलण्याइतका दाब साठतच नाही, आणि शिट्टी होत नाही. आम्ही दोघं शिट्टीची वाट बघत होतो. शिट्टी होईना म्हणून बटाटे शिजले नाहीत, आणि बटाटे शिजले नाहीत म्हणून अभ्यास चालू! दोन डिक्टेशनं झाली. कारखान्याच्या फाटकातून आत शिरताच कुठल्या सांध्यातून वाफ गळतेय ते ओळखणारा माणूस स्वतःच्या चुलीपासून चार हातांवर बसला होता, आणि त्याचं तिकडे लक्षच नव्हतं, कारण त्याची मुलगी त्याला धारेवर धरून बसली होती.

"सांगा अप्पा, गेज ग्लासमध्ये पाणी दिसेनासं झालं तर?"

"तशी वेळ मी..." अप्पा म्हणाले आणि थांबले. मान वळवली. "आवाज बंद झाला."

"कसला आवाज?"

"फुसफुस चालली होती. बंद झाली. पाणी संपलं!"

आणि मी काय केलं? ज्या मुलीनं "तापलेल्या बॉयलरला थंड पाणी देऊ नये" हे वाक्य त्या महिन्यात शंभर वेळा मोठ्यानं वाचलं होतं, ती दोन फडकी घेऊन, कुकर उचलून नळाखाली धरावा म्हणून, गॅसकडे धावली!

"थांब!"

अप्पांचा असा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता. पण माझे पाय जमिनीला चिकटले. "बेडा! नको! हात लावू नको. बस तिथं खुर्चीवर." मी बसले. त्याच क्षणी कुकरच्या झाकणावरची सुरक्षेची चकती वितळली, फट् झालं, आणि करपलेल्या बटाट्यांचा धूर छताला गेला.

अप्पा एका बाजूनं, तोंड लांब ठेवून, गॅसपाशी गेले. घाई नाही, दचकणं नाही. हात चालत होते आणि हातांबरोबर तोंड, स्वतःशीच. "आधी आग बंद. इथली, आणि सिलिंडरचीही. पाणी नाही द्यायचं, तापल्या पत्र्यावर थंड पाणी पडलं की त्याची एकदम वाफ होते, पत्रा फाटतो. वजनाला हात नाही, वाफेची कुठलीच वाट आपण होऊन उघडायची नाही. माणसं लांब. आता स्वल्प थांबायचं. आपोआप गार होईपर्यंत कोणी हलायचं नाही." आणि सगळं झाल्यावर, कपाळ पुसत, आणखी एक वाक्य.

मी त्यांच्याकडे बघत होते. मला खरंच रडू येत होतं, भीतीनं नव्हे. अठरा वर्षं हा माणूस रोज असा उभा राहत असेल, आणि आम्ही घरात त्यांना डबा विसरणारा माणूस म्हणून ओळखत होतो!

कुकर निवेपर्यंत मी खाली बघितलं, तर माझ्या वहीत अर्धं पान भरलं होतं. महिनाभर अप्पा बोलले की हात लिहायचा, तो याही वेळी लिहीत सुटला होता! शॉर्टहँड उच्चारांवर चालतं, त्याला भाषेचं काही पडलेलं नसतं. मराठी, कन्नड, सगळं उतरलं होतं.

"अप्पा," मी म्हटलं, "तुम्हाला उत्तर येतं."

मी वाचून दाखवलं. आग, पाणी, वाफ, माणसं, थांबणं. पुस्तकातलाच क्रम.

"हे मी म्हटलं?" त्यांनी वही हातात घेऊन त्या रेघांकडे पाहिलं, जणू त्यांच्याच पोटातलं कोणी तरी काढून टेबलावर ठेवलंय. "एवढ्या वेगात मी बोललो, आणि तू एकही शब्द सोडला नाहीस?"

"शब्दन् शब्द," मी म्हटलं.

"आणि वेळ आलीच की," ते हळू म्हणाले. "माझ्यावर आलीच."

मी तेच उत्तर कन्नड लिपीत उतरवून दिलं. त्यांनी ते आठ दिवस बसमध्ये म्हटलं. आम्ही कुकर राखेनं घासला, नवी चकती बसवली, आणि आई आल्यावर दोघंही फार अभ्यास करू लागलो.

तोंडी परीक्षेहून अप्पा आले ते चपला न काढताच स्वयंपाकघरात. परीक्षकांनी तोच प्रश्न विचारला होता. अप्पा म्हणाले होते, "साहेब, गेल्या वर्षी मी म्हटलं होतं, तशी वेळ येऊ देत नाही. पण माझ्याच घरात, माझ्याच समोर आली." आणि मग सगळं सांगितलं, ओळीनं, शेवटच्या वाक्यापर्यंत, "मग वरिष्ठांना ताबडतोब खरं सांगेन, काही लपवणार नाही, आणि त्यांनी तपासल्याशिवाय पुन्हा पेटवणार नाही." परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, बाकीचं पुष्कळांना येतं, पण शेवटचं कोणी आपण होऊन म्हणत नाही. इथंच माणूस कळतो!

अप्पांना पहिला वर्ग मिळाला आणि नवा बॉयलरही. पुढं कित्येक वर्षं ते येणाऱ्याजाणाऱ्याला माझी ती वही दाखवत आणि सांगत, "माझी मुलगी! मी बोललेला एक शब्द तिनं इकडचा तिकडे केला नाही."

मी मान खाली घालून चहा आणायला जायची. कारण कपाळ पुसत अप्पा शेवटी जे म्हणाले होते, ते वहीत अगदी स्पष्ट आहे. "आणि आईला यातलं एक अक्षर कळता कामा नये!" वरिष्ठांना खरं सांगायचं ते वाक्य पुस्तकातलं होतं, मी ते तिथं चिकटवून दिलं. त्याच महिन्यात, बोलणाऱ्याचा शब्दही न बदलता उतरवते म्हणून, मला सीनियर शॉर्टहँडचं सर्टिफिकेट मिळालं.