दोनशे चौदा नंबरचं बिल

लाँड्रीत तिला सगळे पावतीताई म्हणत. तोंडावर म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. कोपऱ्यावरून चहा मागवला तरी ती म्हणायची, "पावती आण रे बाबा." नवरा तर म्हणायचा, लग्नाच्या वेळी हिने मांडववाल्याकडून पावती घेतली, माझी तेवढी कुणाकडून घेतली नाही, म्हणून मला परत करता येत नाही.

लाँड्री मोठ्या हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे धुऊन देई. खाली वाफ, साबणाचा वास आणि यंत्रांची घरघर. वर काचेच्या खोलीत ती, तिचा संगणक आणि फायलींचं कपाट. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक हॉटेल. अर्धी लाँड्री त्याच्याच चादरींवर चालायची. त्या हॉटेलातला हिशेबनीस तिच्याशी कित्येक वर्षं फोनवर बोलत होता. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. ती त्याला भाऊ म्हणे, तो तिला ताई. बिलाचं बोलून झालं की तो तिच्या गुडघ्यांची चौकशी करायचा, ती त्याच्या बायकोच्या आजारपणाची.

अशात हॉटेलातून पत्र आलं. भाऊचं नव्हे, नव्या तपासनिसाचं. तुम्ही एकाच महिन्याच्या धुलाईची दोन बिलं लावलीत, दोनशे चौदा आणि दोनशे सत्तावीस. दोन्हींचे पैसे आम्ही दिले. खुलासा होईपर्यंत पुढची सगळी बिलं थांबवली आहेत.

मालक वर आले. एरवी ते खालूनच हाक मारत.

"पावतीताई, तुमच्या हातून काही झालं असेल तर आत्ताच सांगा. पगाराची तारीख तोंडावर आली आहे. हे पैसे अडकले तर इस्त्रीवाल्या बायकांना काय देऊ? आणि हॉटेल गेलं, तर त्यांनाच काय, तुम्हालाही ठेवता येणार नाही."

"माझ्या हातून काही झालेलं नाही."

"दोन बिलं तर दिसताहेत."

"दिसताहेत. पण कर नाही त्याला डर कशाला? उद्यापर्यंत वेळ द्या."

बोलली खरी, पण मालक खाली गेले तरी त्यांची ती नजर तिच्या मनातून जाईना. इतक्या वर्षांत तिच्याकडे कुणी चोर म्हणून पाहिलं नव्हतं. आणि मालकांनी पाहिलं होतं, क्षणभर का होईना.

ती कपाटाशी गेली. सगळं जागच्या जागी होतं. बिल दोनशे चौदा हॉटेलच्या जुन्या इमारतीच्या नावावर. मग हॉटेलनेच सांगितलं, ते नव्या इमारतीच्या नावावर हवं. पाठवलेलं बिल खोडायचं नसतं, म्हणून तिने रीतीप्रमाणे क्रेडिट नोट काढली, क्रमांक एकोणीस, म्हणजे दोनशे चौदा पूर्ण रद्द धरा असं सांगणारा कागद. आणि त्याच रकमेचं नवं बिल लावलं, दोनशे सत्तावीस. त्यावर लिहिलंसुद्धा, 'दोनशे चौदाच्या बदली'. एक धुलाई, एकच जिवंत बिल.

पण बँकेत पैसे दोनदा आले होते. तिने तेव्हाच भाऊला मेल केला होता: रक्कम जास्तीची आली आहे, परत पाठवू का? त्याचं उत्तर फायलीत होतं. 'क्रेडिट नोट मिळाली आहे. जास्तीची रक्कम दोनशे एकोणचाळीस क्रमांकाच्या बिलात वळती करा.' तिने केली. तिच्या खात्यात दमडीही इकडची तिकडे नव्हती.

मग तपासनिसाला क्रेडिट नोट का दिसली नाही? तिने भाऊला फोन लावला.

"त्या पत्राबद्दलच ना, ताई?" तो म्हणाला.

"भाऊ, एकोणीस नंबरची नोंद केली नाहीत का तुम्ही?"

"नाही केली. केली असती तर दोनदा पैसे गेलेले लगेच उघडं पडलं असतं. तेव्हा मी इस्पितळातून थेट कामावर यायचो. डोळ्यांवर झापड असायची. दोन्ही बिलं पास केली. म्हटलं, दोनशे एकोणचाळीसमध्ये वळते झाले की कुणाला कळणार नाही."

"मांजर डोळे मिटून दूध पितं, भाऊ!"

"खरं आहे. ताई, एक सांगू? माझा तो मेल जोडू नका. बाकीचं सगळं पाठवा. ही नोकरी गेली तर हिची औषधं बंद होतील."

"तो जोडला नाही तर ते म्हणतील, क्रेडिट नोट आत्ता मागाहून बनवली. मग चोर मी."

"बघा काय जमतं ते," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

खाली इस्त्रीवाली आक्का मालकांना विचारत होती, पगार वेळेवर होणार ना. वर सगळं ऐकू येत होतं. पावतीताईला त्या माणसाचा संताप आला. वर्षानुवर्षं ताई ताई म्हणतो आणि आपलं पाप माझ्या पदरात टाकून गप्प बसतो! ती तशीच संगणकापुढे बसली.

खुलासा तिने फार चांगला लिहिला. दोन्ही बिलं तारखांसकट, क्रेडिट नोट, बँकेचे दोन्ही जमा-व्यवहार त्यांच्या क्रमांकांसह, दोनशे एकोणचाळीसमध्ये झालेली वळती, खात्याचा उतारा. शेवटी भाऊचा मेल. तिथे थांबली असती तर काही बिघडलं नसतं. पण हात शिवशिवत होता. तिने एक ओळ आणखी लिहिली: आपल्या हिशेबनिसाने स्वतःची चूक झाकण्यासाठी क्रेडिट नोटची नोंद जाणूनबुजून टाळली, हे त्यांनी मला फोनवर सांगितले आहे.

दुपारी मेल गेला.

दोन दिवसांनी पैसे जमा झाले. सगळे, एकदम. मालक पेढे घेऊन वर आले, आणि तिने सवयीने विचारलं, "पावती?" खालीसुद्धा हसण्याचा आवाज गेला. आक्काने खालूनच हात जोडले. मग मालक म्हणाले, "हॉटेलचं पत्रही आलंय, वाचा. तुमची माफी मागितली आहे त्यांनी."

माफी होतीच. सोबत त्यांच्या वहीतल्या नोंदीची छापील प्रत होती. क्रेडिट नोट एकोणीस, नोंद झालेली. तारीख तिच्या मेलचीच होती, पण वेळ सकाळची. तिचा फोन ठेवल्या ठेवल्या केलेली. शेजारच्या रकान्यात भाऊने लिहिलं होतं: 'नोंद माझ्याकडून नजरचुकीने राहिली. लाँड्रीचा काही दोष नाही.'

आणि पत्राच्या शेवटी: नजरचूक आम्ही समजून घेतली असती, परंतु आपल्या खुलाशातील शेवटच्या ओळीवरून हा प्रकार हेतुपुरस्सर असल्याचे स्पष्ट झाल्याने संबंधित कर्मचाऱ्यास कामावरून कमी केले आहे.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. मालक विचारत होते, पेढा का खात नाही. ती म्हणाली, नंतर.

महिनाअखेरीला नवं बिल पाठवून तिने हॉटेलला फोन लावला. पलीकडे एका मुलीचा आवाज होता, तरतरीत आणि अनोळखी.

"बिल मिळालं का, एवढंच विचारायचं होतं," पावतीताई म्हणाली.

"मिळालं. नोंदही केली. अजून काही?"

भाऊचा घरचा नंबर तिच्याकडे कधीच नव्हता. कधी गरजच पडली नव्हती.

"तुमच्याआधी तिथे एक जण होते. त्यांचा घरचा नंबर मिळेल का?"

"तो देता येत नाही हो मॅडम. काही हिशेबाचं बाकी होतं का त्यांच्याकडे?"

"त्यांच्याकडे नाही," ती म्हणाली.