माळ्यावरचं गवत आणि आमचा वायरमन

आमच्या वायरमनबद्दल मला फारच थोडं ठाऊक होतं. त्याला मुलंबाळं होती का, हेही मी वीस वर्षांत विचारलं नाही. तो यायचा, मी ‘या’ म्हणायचो. लिहायची मला सवय नाही, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गोठ्यातला दिवा मिणमिणत होता, म्हणून त्याला बोलावलं. गाय आज-उद्या व्यायची होती. घर लाकडी, त्याला चिकटून गोठा, वर गवताचं छप्पर आणि छपराखालच्या माळ्यावर वर्षभराचं गवत.

त्यानं पिशवी ठेवली, हाताची मागची बाजू बोर्डाला लावली आणि झटकन काढली.

“तापलाय. यावर काय चालवता?”

“दिवाच,” मी म्हणालो.

“आणि कडबा कापायची, कुट्टीची मोटर कोण चालवतं?” आतून बायको.

त्यानं मेन स्विच पाडून फ्यूज उपसला. आत मी पिळून भरलेली तीनपदरी तार.

“काका, ही तार आहे की दोरखंड?”

“सारखा उडत होता हो.”

“उडायचा म्हणून वाचलात. आता तो उडत नाही, वायर तापते.” त्यानं वर पाहिलं. “माळ्यावरून गेलीये ना? गवत खाली काढा.”

“सगळं? दोन दिवस जातील. गाईला उजेड नको?”

“लाइन चालू करणार नाही.”

मला राग आला. चहा पुढे केला तरी तो बसेना. शिडीपासून दारापर्यंत फेऱ्या घालत होता, मधेच हुंगत होता. बायकोनं गाय सोडून अंगणातल्या झाडाखाली बांधली. मग आम्ही तिघं पेंढ्या ओढू लागलो. मला प्रत्येक पेंढी गरम लागत होती. खरंच होती की मनाचे खेळ, सांगता येत नाही.

आढ्याजवळ वायरीचा सांधा निघाला. टेप वितळून ओघळलेली. भोवतालचं गवत तपकिरी. हातात घेतलं तर त्याचा भुगा झाला.

बायको माझ्याकडे बघत राहिली. “स्वतःच्या हातानं फ्यूज भरला म्हणून मिरवत होतात ना?”

तो हसला नाही. जुनी वायर त्यानं सगळी उपटली. नवी पाइपातून, भिंतीवरून नेली. मोटरीला वेगळी लाइन दिली. “छपराला पत्रा घाला,” म्हणाला.

“गुरं भाजतील की उन्हाळ्यात.”

“उंच घ्या, खालून वारा खेळू द्या.”

गाय दुसऱ्या दिवशी दुपारी झाडाखालीच व्याली. पत्रा मी पुढच्या वर्षी घातला. त्यानंतर तो रस्त्यात एकदाच भेटला, खांद्यावर शिडी.

“गवत कुठे रचता आता?”

“कुंपणाजवळ. घरापासून लांब.”

“वाळवून रचा. ओलं आतून तापतं.”

“बरं.”

“येतो मग.”

“या.”