बाबांचा खोल ग्लास

हिंगणा रोडवरच्या आमच्या शेडमध्ये चार वाजता पत्रा दाबणारी प्रेस थांबायची आणि बाबा स्वतः चहा ओतायचे. स्टीलचे बुटके ग्लास, आम्हीच बनवलेले, बाबांच्या डायीतून, म्हणजे साच्यातून, ओढलेले. सहा सेंटिमीटर रुंद, चार उंच. इतवारीचे भांडेवाले तेच मागायचे. तेलाचा आणि आल्याचा तो मिसळलेला वास अजून कुठे आला की माझा पाय थबकतो.

मग बाबांचा हात कापायला लागला. एके दिवशी सगळ्या कामगारांसमोर चहा सदऱ्यावर सांडला. कोणी हसलं नाही, उलट सगळ्यांनी माना फिरवल्या, आणि तेच त्यांना लागलं. दुसऱ्या दिवसापासून ते शेडमध्ये आलेच नाहीत. सक्करदऱ्याच्या घरी खाटेवर बसून राहायचे. आई म्हणायची, "डाय बनवनारा मानूस हाय तो. घरात बसून मरून जाईन वं."

मला रागच आला. म्हटलं, ग्लास बुटका म्हणून सांडतो ना? मग खोल करू. रुंदी तीच, म्हणजे त्यांच्या मुठीत बसेल; उंची सात. अर्धा भरला तर कितीही हात हलो, सांडणार नाही.

हिशोब मला यायचा, बाबांनीच शिकवलेला. ग्लासचा तळ आणि भिंत मिळून जेवढा पत्रा लागतो, तेवढाच सर्कलमध्ये हवा. सर्कल म्हणजे पत्र्याची गोल चकती. काठ कापायला थोडं जास्त धरून सर्कल साडेचौदा सेंटिमीटरच्या वर गेलं. ग्लासच्या रुंदीच्या जवळजवळ अडीचपट! आमच्या पत्र्याला एका दमात दुपटीच्या आसपासच झेपतं, हे मला काय माहीत नव्हतं? पण घाई होती, जुनी सहाची डाय हाताशी होती, आणि मी जिद्दीला पेटले होते. म्हटलं, पंचाने दाबून सर्कल डायीत ओढून तर बघू.

पहिल्या नगाच्या काठाला चुण्याच चुण्या. परकराची नाडी ओढल्यावर पडतात तशा. मोठा घेर लहान तोंडात शिरताना जास्तीचा पत्रा जाणार कुठे? वरून दाबणारी होल्डरची रिंग ढिली असली की तो वर उठतो आणि दुमडतो. मी रिंग आवळली. चुण्या गेल्या, पण ठप्प करून तळच निघून आला. तेल जास्त लावलं, डायीचा ओठ घासून गुळगुळीत केला. पुन्हा तळ हातात! मी रडकुंडीला आले होते, खोटं कशाला बोलू.

ते नग पिशवीत घालून घरी नेले आणि त्यांच्या खाटेवर ओतले. बाबांनी एक उचलला, फाटलेल्या कडेवरून कापरं बोट फिरवलं.

"तळाच्या वरच फाटला, पाह. बाहीरचा सारा पत्रा आत ओढाचा भार इथल्या बारक्या भिंतीवर येते. होल्डर आवळला का भार आखीन वाढते. एका दमात कायले मागून राहिली? दोनदा माग."

"कसं?"

"डब्याची डाय हाय ना, आठची. आंधी त्याच्यात ओढ. मंग सहाच्या डायीत. आतून धराले पोकळ नळा लागन, तो खरादीवर काढ." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पन इतका खोल ग्लास पायजे कोनाले?"

"तुमाले!" मी ओरडलेच. "अजून कोनाले?"

आई स्वयंपाकघरात गेली, डोळे पुसायलाच गेली असणार.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या गाडीवर मागे बसून शेडमध्ये आले. आठच्या डायीतून रुंद, उथळ भांडं निघालं, एकही चुणी नाही. मग लेथवर कातून काढलेला नळा आतून बसवला, त्यातून सहाचा पंच खाली गेला. भिंत वर चढत गेली, तळ जागेवर राहिला. काठ कापल्यावर उभा ग्लास हातात आला, गरमच. मी तो छातीशी धरला.

आमच्याकडे एक रिवाज होता. नव्या कामाचा पहिला धड नग विकायचा नाही. धुवून त्यात चहा भरायचा आणि तो करणाऱ्याने सगळ्यांसमोर प्यायचा. रिवाजाने तो चहा माझा होता. मी अर्धाच भरला आणि बाबांच्या पुढे धरला.

त्यांनी आत डोकावून पाहिलं. "अर्धा काहून?"

मी किटली खाली ठेवू लागले.

"भर वं. पुरा भर."

मी काठोकाठ भरला. दोन्ही हातांनी त्यांनी तो उचलला. हात थरथरले, चहा सदऱ्यावर सांडला, भरपूर सांडला. सगळ्यांनी पुन्हा माना फिरवल्या.

"अरे, तिकडं काय पाहून राहिले गा?" बाबा म्हणाले. "इकडं पाहा. पोरीनं केला हाय."

आणि भिजल्या सदऱ्यानिशी त्यांनी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.