काळ्या पट्ट्यांचे गुण

बारा वर्षं मी कुलपं फोडायचं काम केलं आणि तेही मालकाच्या लेखी परवानगीने. बँका, दवाखाने, कारखाने आम्हाला बोलावतात: आमच्या संगणकांत शिरून दाखवा, आणि कुठून शिरलात ते लिहून द्या. शिरणं ही अर्धी नोकरी. लिहून देणं ही उरलेली अर्धी, आणि खरी कटकटीची.

बाबांना पहिला झटका आला तेव्हा मी पुण्याची खोली सोडून भंडाऱ्याला परत आले. कंपनीला हरकत नव्हती, काम घरूनच होत होतं. हरकत आली ती एका नव्या नियमाने. सरकारी कामांच्या निविदांमध्ये अट पडली की अहवालावर सही करणाऱ्याकडे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र हवं. माझ्याकडे अनुभव होता, कागद नव्हता. कंपनीने उपाय काढला: काम मी करायचं, सही माझ्या हाताखालच्या, सव्वीस वर्षांच्या सहकाऱ्याने करायची. मुलगा गुणी. दरवेळी फोनवर म्हणायचा, "मॅडम, मला लाज वाटते." मला त्याच्यापेक्षा जास्त वाटायची. आठ महिने माझे अहवाल त्याच्या नावाने गेले. शेवटी साहेबांनी मुदत दिली: पुढच्या निविदेपर्यंत प्रमाणपत्र आणा, नाहीतर हीच व्यवस्था कायमची.

प्रमाणपत्राच्या वाटा दोन. एक पर्यायांची परीक्षा: सव्वाशे प्रश्न, चार तास, योग्य गोलावर टिचकी मारायची. दुसरी हाताने करायची: जवळजवळ पूर्ण दिवस एका बंद प्रयोगशाळेतले संगणक खरोखर फोडायचे आणि पुढच्या दिवशी अहवाल पाठवायचा. पहिलीला मी पोपटपंची म्हणायचे. बारा वर्षांनंतर मी गोल कशाला काळे करू? मी दुसरी निवडली, मोठ्या तोऱ्यात.

बाबांनाही तेच पटलं. ते आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडचे मास्तर होते, सगळा जन्म प्रात्यक्षिकं घेण्यात गेला. "लिवून काही बल्ब पेटत नाई," ते म्हणाले. "हातानं करून दाखव त्याईले."

परीक्षा सकाळी सुरू झाली. पर्यवेक्षकाने कॅमेऱ्यातून खोलीच्या चारही भिंती, टेबलाखालची जागा, माझं आधार कार्ड पाहिलं. बाबांना दिवसभर या खोलीत यायला मनाई होती. त्यांनी चहा दाराबाहेर स्टुलावर ठेवून कडी वाजवायची असं ठरलं. दुपारी लाईन गेली, इन्व्हर्टरने निभावलं. नडली ती माझी सवय. खऱ्या कामात एखादी सेवा बंद पडली तर दवाखान्याची नोंदणी थांबते, म्हणून मी प्रत्येक हल्ला करण्याआधी दहादा तपासते. इथे संगणक पडला तर बटण दाबून पुन्हा उभा करता येत होता, तरी माझा हात काही घाई करेना. पोरंसोरं धडाधड फोडून मोकळी होतात म्हणे. तरीही पास व्हायला पुरतील तेवढे संगणक मी फोडले. प्रत्येकात पुरावा म्हणून एक फाईल असते, तिच्यात लांबलचक अक्षरमाळ. ती परीक्षेच्या पानावर भरायची आणि अहवालात तिचा स्क्रीनशॉट लावायचा. मी माळा भरल्या, चित्रं लावली, दुसऱ्या दिवशी अहवाल पाठवून दिला आणि झोपले.

काही दिवसांनी ईमेल आलं: अनुत्तीर्ण. कारण एका ओळीचं, पुराव्यांची नोंद अपुरी.

मला ते खोटंच वाटलं. मी माझा अहवाल उघडला आणि पहिल्याच चित्राशी थांबले. पुराव्याच्या अक्षरमाळेवर काळी पट्टी. दुसऱ्या चित्रात काळी पट्टी. सगळीकडे. कुणाचा पासवर्ड, कुणाची गुप्त माहिती हाती लागली की अहवालात लावण्याआधी ती झाकायची, हे आमच्या धंद्याचं सोवळं. बारा वर्षांच्या हाताने ते आपोआप पाळलं होतं. नियमात स्पष्ट लिहिलं होतं की चित्रात फाईलचा मजकूर दिसलाच पाहिजे. नियम मी वाचला होता. हाताने वाचला नव्हता.

मी रडले. चाळिशीच्या बाईने एका ईमेलवरून रडावं याचा रागही आला, तरी रडले.

बाबा येऊन बसले. मी सांगितलं.

"मंग झाकलं काहून?"

"बाबा, कामात झाकावंच लागते. उघडं ठेवलं तर उद्या कोनीबी वापरन."

ते म्हणाले, "म्या एकाले असाच नापास केल्लं."

लाखांदूरकडचा एक माणूस होता, त्यांनी सांगितलं. वीसेक वर्षं धानाच्या राइस मिलमधल्या मोटारी जोडणारा. वायरमनच्या परवान्याच्या परीक्षेला आला. तारेचा जॉईंट करायला दिला, त्याने केला आणि वरून टेप गुंडाळून मोकळा झाला. नियम असा की परीक्षक पाहीपर्यंत जॉईंट उघडा ठेवायचा.

"मले आतलं दिसे नाई, तं मी शून्य देल्लं. तो म्हने, 'सर, उघडा जॉईंट सोडून मले उठताच येत नाई.' त्याचंबी खरं होतं. माह्या कागदावर तसा रकानाच नव्हता."

"मंग पास झाला का नंतर?"

"आलाच नाई परत. जिंदगीभर दुसऱ्याच्या परवान्यावर काम केलं त्यानं. माह्याच्यानं."

बाहेर भाजीवाला ओरडत होता, बाबा उठून कोथिंबीर घ्यायला गेले.

पुन्हा प्रयोगशाळेत बसायला मुदत उरली नव्हती. मी पोपटपंचीचं जाडजूड पुस्तक घेतलं. संगणक चाचपणाऱ्या स्कॅनच्या आज्ञेत कोणत्या खुणेने काय होतं, हल्ल्याचे टप्पे कोणत्या क्रमाने येतात, सगळं घोकलं. सरावाच्या प्रश्नांत मी सुरुवातीला नापास होत होते. 'यानंतर तुम्ही काय कराल?' असं विचारलं की मी खरंच काय करेन त्यावर टिचकी मारायचे, आणि पुस्तकाचं उत्तर वेगळं असायचं. बाबा पुस्तक धरून प्रश्न विचारायचे, इंग्रजी अडखळत वाचायचे आणि मी चुकले की म्हणायचे, "पुस्तकाले काय पायजे ते सांग. तुले काय वाटते ते नोको सांगू."

एसटीने नागपूरच्या केंद्रावर गेले. घड्याळ, फोन, पर्स लॉकरमध्ये. प्रश्न बाहेर सांगणार नाही असं लिहून दिलंय, म्हणून एवढंच सांगते: एक प्रश्न असा होता की ज्याचं बरोबर उत्तर होतं, झाकायचं. मी टिचकी मारली आणि एकटीच हसले. पर्यवेक्षिकेने मान वर करून पाहिलं.

पास झाले. ना आनंद ना काही, नुसता थकवा. माझ्यात या चार तासांत काहीही नवीन आलं नव्हतं, आणि त्या पूर्ण दिवसात काहीही कमी पडलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात एका नगरपालिकेच्या कामाचा अहवाल माझ्या नावाने गेला. पाठवण्याआधी मी तो छापून घेतला, निव्वळ हौस म्हणून. बाबांनी चष्मा लावून पहिलं पान धरलं. माझ्या नावावर बोट ठेवलं, तसंच राहू दिलं. मग पानं उलटू लागले.

"सगळे जॉईंट झाकलेस ना, माय?"

"झाकले, बाबा."

त्यांनी तरी प्रत्येक पान तपासलं.